बट्टी जमली, भजी नाही: आमच्या घरातली कढई आणि एअर फ्रायर

आमच्या अमळनेरच्या घरात तळण हे सणावारापुरतं नाही. रविवार आला की वरण-बट्टी, पाऊस पडला की मिरचीची भजी, चहाबरोबर कुरडई नाहीतर बिबडं, मुलांच्या डब्यात कोथिंबीरवडी. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन मुलं अशी सहा माणसं, आणि १५ किलोचा तेलाचा डबा दीड महिन्यात तळाला जायचा. मामांच्या तपासणीत ट्रायग्लिसराइड वाढलेले आले तेव्हा डॉक्टरांनी तळलेलं कमी करायला सांगितलं. (आमच्याकडे सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणतात.) पण रविवारची बट्टी बंद करा, असं मामांना कोण सांगणार? त्यांचं लहानपण बट्टीवर गेलेलं. मग पुण्याहून दीर आले ते एअर फ्रायर घेऊनच.

तो आल्यावर घरात दोन तट पडले. मुलं म्हणायला लागली की आता सगळं यातच करायचं. आत्याबाई म्हणाल्या, तेलाशिवाय तळण कसलं? मला दोन्ही गोष्टी नुसत्या मान्य किंवा अमान्य करायच्या नव्हत्या. म्हणून मी ठरवलं की आपण जे जे तळतो ते एकेक करून दोन्हीकडे करायचं, शक्य तिथे काट्यावर मोजायचं, आणि कुठला पदार्थ कुठे जातो ते त्यावरून ठरवायचं. घरात स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा होताच.

आधी यंत्राबद्दल थोडं. नावात फ्रायर असलं तरी त्यात तळण होत नाही. वर विजेची कॉईल, तिच्या जवळ जोरात फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढंच ते आहे. कॉईलची उष्णता पंखा वेगाने पदार्थावर मारतो, त्यामुळे पृष्ठभागावरचं पाणी पटकन उडतं आणि तांबूस पापुद्रा धरतो. म्हणजे ही वेगवान पंख्याची छोटी भट्टी झाली. आमचा १५०० वॉटचा आहे, टोपली साधारण चार लिटरची, तापमान २०० अंशापर्यंत जातं. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअरच्या आसपास करंट, आणि आमच्या जुन्या ओट्यावर सगळे बारीक प्लगच होते. इलेक्ट्रिशियनला बोलावून १६ अँपिअरचा पॉइंट वेगळा काढून घेतला, मगच तो चालू केला. जुन्या वायरिंगच्या घरात हे आधी बघावं. बारीक प्लगमध्ये अडॅप्टर लावून चालवला तर पॉइंट तापतो, आणि तो वितळल्याचा वास यायला लागेपर्यंत कुणाला कळत नाही.

पहिली पाळी बट्टीची. आमच्याकडची बट्टी राजस्थानी बाटीसारखी थेट निखाऱ्यावर जात नाही. एक किलो जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ, त्यात मूठभर मक्याचं पीठ, ओवा, जिरं, हळद, मीठ, चिमूटभर सोडा आणि १०० ग्रॅम तेलाचं मोहन. पीठ घट्ट मळून त्याचे जाडसर रोल करायचे, चाळणीवर ठेवून वाफवायचे, गार झाले की कापायचे आणि मग तळायचे. सोबत घोटलेली वांग्याची भाजी आणि तुरीचं घट्ट वरण. गार होऊ देणं फार महत्त्वाचं आहे. गरम रोल कापला तर सुरीला चिकटतो, कडा फाटतात, आणि त्या फाटलेल्या कडा तेलात गेल्या की जास्त तेल पितात. गार झाल्यावर आतला पिठूळपणा घट्ट बसतो आणि काप स्वच्छ पडतो.

काप केल्यावर मी सगळ्या बट्टीचे वजनाने दोन सारखे भाग केले. एकेक भाग पाऊण किलोच्या आसपास भरला. पहिल्या भागासाठी कढईत तेल ओतून कढईसकट वजन घेतलं, तळण संपल्यावर तेल पूर्ण गार होऊ दिलं आणि पुन्हा कढईसकट वजन घेतलं. तेल मापात न मोजता काट्यावर मोजायचं, कारण तापलेलं तेल फुगतं आणि भांड्यावरच्या खुणेवर विसंबलं तर फसगत होते. १०० ग्रॅमला थोडं कमी एवढं तेल गेलं. यातलं काही झाऱ्यावर आणि कागदावर राहिलं असेल, पण बहुतेक बट्टीतच गेलं. दुसऱ्या भागाला मी वाटीत २५ ग्रॅम तेल मोजून घेतलं, हातानेच काप चोळले आणि टोपलीत एका थरात लावले. पाऊण किलो एका वेळी मावत नाही, दोन घाणे करावे लागले. १८० अंशावर तीन मिनिटं रिकामा तापवला, मग १४ मिनिटं ठेवलं, मधे सातव्या मिनिटाला काप उलटले.

बट्टी झाली की नाही हे रंगावरून ओळखता येतं, पण त्याहून आवाजावरून बरं कळतं. कापाच्या कडेवर नखाने टकटक केलं तर कोरडा, पोकळ आवाज यायला हवा, आणि मधोमध दाबल्यावर मात्र किंचित दबायला हवं. मधेही कडक लागलं तर ती जास्त झाली. पहिल्या घाण्यात माझी बट्टी दिसायला छान तांबूस झाली, वास पण खरपूस. ताटात वाढल्यावर आत्याबाईंनी एक काप चुरला, वरणात कालवला, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "हाई कोरडी लागस. तूप वाढ अजून."

त्यांच्या या वाक्यामुळे माझं सगळं गणित मला पुन्हा मांडावं लागलं. तेल किती वाचलं ते मी मोजलं होतं, पण ताटात वर किती तूप पडतं ते मोजलंच नव्हतं. पुढच्या रविवारी मी तुपाची वाटी काट्यावर ठेवून वाढायला बसले. कढईतल्या बट्टीवर सहा जणांना मिळून ६० ग्रॅमच्या आसपास तूप गेलं. फ्रायरच्या बट्टीवर ९० ग्रॅमच्या पुढे गेलं, कारण ती कोरडी लागते आणि माणूस न सांगताच जास्त घेतो. म्हणजे तेलात वाचवलेल्या ७० ग्रॅममधले ३० ग्रॅम तुपाच्या रूपाने परत आले. शिवाय मोहनाचं तेल दोन्हीकडे सारखंच आहे, ते कुठे जात नाही. एक ग्रॅम तेल असो की तूप, कॅलरी नऊच. बचत झाली, पण खोक्यावर छापलेल्या तेलबचतीच्या मोठ्या आकड्याच्या जवळपासही नाही. तो आकडा फक्त बाहेरून लागणाऱ्या तेलाचा असतो. मोहन, वरचं तूप, सोबतचं लोणचं, भाजीची तर्री हे कुणी त्यात धरत नाही.

मग कोरडेपणावर काम केलं. त्याचं कारण समजायला कढईत काय होतं ते बघावं लागलं. तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन जोरात बाहेर येत असतं. तेच ते बुडबुडे. ती वाफ बाहेर येत असते तोपर्यंत तेलाला आत शिरायला जागा मिळत नाही. तेल खरं आत जातं ते पदार्थ बाहेर काढल्यावर. गार होताना आतली वाफ आटते, पोकळी तयार होते आणि पृष्ठभागावर चिकटलेलं तेल आत ओढलं जातं. हे तेल बट्टीच्या कडेच्या पापुद्र्यात बसतं आणि घास मऊ लागतो. फ्रायरमध्ये वाफ बाहेर जातच राहते, पण आत ओढायला पृष्ठभागावर काही नसतं. म्हणून उपाय दोन केले. एक, वेळ १४ मिनिटांवरून ११ वर आणली आणि शेवटची दोन मिनिटं २०० अंश केलं, म्हणजे आतला ओलावा राहतो आणि वरून रंग मात्र धरतो. दोन, २५ ग्रॅममधलं अर्धं तेल आधी चोळलं आणि उरलेलं अर्धं बट्टी टोपलीतून काढल्या काढल्या गरम असतानाच ब्रशने लावलं. ते तेल लगेच आत जातं. एकूण तेल तेवढंच, पण घासात जाणवणारं तेल जास्त. यानंतर आत्याबाईंनी तुपाची वाटी दुसऱ्यांदा मागितली नाही. मामांनी तर फरक विचारलाही नाही, त्यांनी वरण वाढायला सांगितलं.

याच माहितीचा कढईच्या तळणालाही फायदा झाला, आणि तो मला यंत्रापेक्षा मोठा वाटतो. तेल बाहेर काढल्यावर आत जातं, तर काढल्यानंतरची पहिली मिनिटं महत्त्वाची. पूर्वी आम्ही झाऱ्याने काढून थेट परातीत ढीग करायचो. ढिगात खालच्या वड्या वरच्यांचं तेल पीत बसतात. आता झारा कढईवरच दोन-तीनदा झटकते, मग उभ्या जाळीवर एका थरात पसरते, आणि गरम असतानाच कागदाने वरून टिपते. गार झाल्यावर कागदावर ठेवून काही उपयोग नाही, तोपर्यंत तेल आत गेलेलं असतं. तेल तापलेलं असणंही तेवढंच गरजेचं. थंड तेलात टाकलेलं तळण वेळ खातं, पापुद्रा उशिरा धरतो आणि पदार्थ तेलकट होतो. एकदम जास्त भजी टाकली तरी तेलाचं तापमान खाली जातं आणि तोच परिणाम होतो.

आता भजी. इथे मुलांचा उत्साह सगळ्यात जास्त होता. आमच्याकडे मिरचीची भजी म्हणजे लांब, पोपटी मिरची, आत मीठ-जिऱ्याचं वाटण, वर बेसनाचं पातळसर पीठ. तेलात पीठ पडताक्षणी चारी बाजूंनी उष्णता लागते आणि कवच एका क्षणात आवळतं. फ्रायरमध्ये असं होत नाही. गरम हवेला पीठ घट्ट करायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पीठ ओघळून जाळीतून खाली गळतं. पंख्याच्या झोताने उरलेलं एका बाजूला सरकतं. जाळीखाली जळकं बेसन आणि वर अर्धनग्न मिरच्या उरल्या. पीठ घट्ट करून बटर पेपरवर ठेवून पाहिलं, तर भजीऐवजी मिरची भरलेला चपटा ढोकळा झाला, कडेला खरपूस आणि मध्ये चिकट. कांद्याची भजी थोडी बरी होते, कारण ती कांद्याला सुटलेल्या पाण्यातच मळतात आणि पीठ कमी असतं. पण जो कुरकुरीतपणा पावसात हवा असतो तो तिच्यात नाही. बटाटावड्याचं आवरण पण याच कारणाने होत नाही.

म्हणून भजी कढईतच होते आणि होत राहील. फक्त ती आम्ही आता लहान, खोल लोखंडी कढईत करतो. रुंद पसरट कढईला अर्धा किलो तेल लागतं तिथे या कढईत पाव किलोत काम होतं. घाणे जास्त होतात, पण कमी तेल तापवावं लागतं आणि कमी उरतं. तेल तयार झालं का हे बघायला पिठाचा एक थेंब टाकते. थेंब तळाशी जाऊन बसला तर तेल थंड आहे, पडताक्षणी वर येऊन लगेच काळपट झाला तर जास्त तापलंय, आणि खाली जाऊन बुडबुडे काढत वर आला की भजी सोडायची.

बट्टी जमली आणि भजी नाही, यावरून मला एक नियम सापडला. जे आधी शिजलेलं आहे आणि बाहेरून कोरडं आहे, ते फ्रायरला चांगलं जमतं. त्याला फक्त पापुद्रा आणायचा असतो, आणि ते काम तो चोख करतो. म्हणून कोथिंबीरवडी आणि अळूवडी, दोन्ही आधी वाफवलेल्या, त्यात उत्तम होतात. कढईत अळूवडीची गुंडाळी कधी कधी सुटते, टोपलीत ती सुटत नाही. उरलेले फुणके (तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, कढीबरोबर खातात ते) दुसऱ्या दिवशी काप करून थोडं तेल लावून ठेवले तर दहा मिनिटांत मस्त होतात. बाजारातून आणलेला गार समोसा किंवा कचोरी परत कुरकुरीत करायला तर याच्यासारखं काही नाही. १६० अंशावर पाच-सहा मिनिटं, आणि वरचं तेल सुटून जाळीखाली साचतं ते डोळ्यांना दिसतं. दिवाळीचे शंकरपाळे भरपूर मोहन असेल तर बिस्किटासारखे होतात. खायला वाईट नाहीत, पण शंकरपाळ्यांची खुसखुशीत चव ती नव्हे. चकली कडक झाली, तो प्रयत्न तिथेच सोडला.

वाळवणाचा प्रश्न वेगळा निघाला. उन्हाळ्यात गच्चीवर केलेल्या गव्हाच्या कुरडया वर्षभर आमच्या डब्यात असतात. कुरडई तेलात टाकल्यावर दोन-तीन सेकंदांत चारपट फुलते. वाळलेल्या चिकात थोडं पाणी अडकलेलं असतं. तेल इतक्या झपाट्याने उष्णता देतं की चीक मऊ होतो आणि त्याच क्षणी आतलं पाणी वाफ होऊन त्याला फुगवतं. दोन्ही गोष्टी एकदम व्हाव्या लागतात. फ्रायरमध्ये उष्णता हळू पोचते. चीक मऊ व्हायच्या आत पाणी सावकाश निघून जातं, मग फुगवायला काही उरत नाही. कुरडई तशीच राहते, फक्त तांबडी होते, आणि दातांना तारेसारखी लागते. तिच्यावर तेल फासून पाहिलं तरी निकाल तोच. कुरडई खायची तर कढई, आणि ती कमी खायची, एवढंच आमच्या हातात आहे.

बिबडं आणि उडदाचा पापड यांचं तसं नाही. ज्वारीचं बिबडं आमच्याकडे पूर्वीपासून निखाऱ्यावर भाजूनही खातात, वर कच्चं तेल आणि चटणी घालून. ते टोपलीत छान भाजलं जातं. मात्र पापड किंवा बिबडं सुटं ठेवू नका. पंख्याच्या झोताने ते उडून वर कॉईलला चिकटतं आणि जळायला लागतं. धूर येतो, आणि कॉईलजवळ काही पेट घेऊ शकतं. यंत्राबरोबर आलेली छोटी उभी जाळी वर दाबून ठेवावी आणि पहिल्या मिनिटानंतर बघावं. खरं सांगायचं तर एक-दोन पापडांसाठी यंत्र तापवण्यापेक्षा गॅसवर जाळी ठेवून भाजणं लवकर होतं.

केळ्याचे वेफर्स करून पाहायला मुलाने लावलं. आमचा जिल्हा केळ्यांचा, रावेर-यावलकडची हिरवी केळी सहज मिळतात. वेफर्सवाले किसणीवरून चकत्या थेट उकळत्या तेलात पाडतात, म्हणून त्या एकमेकींना चिकटत नाहीत. टोपलीत त्या एकावर एक बसतात, खालच्या वाफेने मऊ होतात आणि चामड्यासारख्या लागतात. एका वेळी पंधरा-वीस चकत्या सुट्या मांडल्या तर होतात, पण सहा माणसांना वाटीभर वेफर्स द्यायला संध्याकाळ जाईल. वेफर्स आम्ही बाजारातूनच आणतो.

बटाट्याच्या काचऱ्या मात्र घरीच करतो, आणि त्यात एक काळजी दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागते. बटाटा, गहू अशा पिठूळ पदार्थांना १२० अंशाच्या वर भाजलं किंवा तळलं की अॅक्रिलामाइड नावाचं नको ते रसायन तयार होतं, आणि रंग जितका गडद तितकं ते जास्त. हे कढईतच होतं असं नाही, गरम हवेनेही होतं. फ्रायरमध्ये तळत नाही म्हणून काळपट होईपर्यंत ठेवायचं, असं करू नये. काचऱ्या अर्धा तास पाण्यात ठेवते, पाणी टाकून पुसून कोरड्या करते आणि सोनेरी रंगावर काढते. कोरड्या नसतील तर आधी वाफाळतात आणि कुरकुरीत व्हायच्या आत करपतात.

मामांच्या तब्येतीच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक मला ज्या ठिकाणी वाटतो तो पदार्थात गेलेल्या तेलाचा नाही, कढईत उरलेल्या तेलाचा आहे. रविवारी बट्टी तळली की अर्धा-पाऊण किलो तेल उरायचं. ते टाकवत नाही. मग ते गाळून बरणीत, त्यात पुढच्या रविवारी नवं तेल ओतायचं, असं महिनाभर चालायचं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून बनणारे नको ते घटक, साठत जातात. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने म्हणजे एफएसएसएआयने २०१८ पासून हॉटेल-फरसाणवाल्यांना त्याची २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यापुढे गेलेलं तेल वापरायचं नाही. घरात ते मोजायचं यंत्र नसतं, पण खुणा असतात. तेल गडद होतं, बोटांना चिकट लागतं, तापवताना लवकर धूर येतो, आणि पदार्थ टाकल्यावर बुडबुडे विरण्याऐवजी बारीक फेस वर चढत जातो. फेस दिसला की ते तेल आम्ही वापरत नाही, ते दिव्याला किंवा बिजागऱ्यांना.

बट्टी फ्रायरमध्ये गेल्यावर हे उरलेलं तेलच राहिलं नाही. भजीचं पाव किलोतलं उरतं ते दीडशे ग्रॅमच्या आसपास. ते त्याच दिवशी बारीक गाळणीने गाळते, कारण जळकं बेसन आत राहिलं तर पुढच्या तापवण्यात तेच आधी जळतं आणि तेल नासवतं. गाळलेलं तेल दोन-तीन दिवसांत भाजीच्या फोडणीला संपवते. नव्या तेलात जुनं मिसळत नाही. या एका सवयीमुळे डबा आता दोन महिन्यांच्या पुढे जातो.

आत्याबाईंना यंत्राची खरी किंमत मे महिन्यात कळली. आमच्या जळगाव जिल्ह्यात मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या उकाड्यात तापलेल्या कढईपुढे उभं राहून बट्टी तळणं म्हणजे शिक्षा. टोपली आत ढकलून बाहेर पंख्याखाली बसता येतं, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि नंतर त्या स्वतःच बटण दाबायला लागल्या. लाइट गेली तर मात्र अर्धवट घाणा तसाच पडतो. त्यासाठी गॅसवर कढई तयार असतेच, अर्धवट झालेली बट्टी थोड्या तेलात परतून घेतली की चालतं.

पाहुण्यांच्या वेळी मर्यादा उघड होते. चार लिटरच्या टोपलीत बट्टीचे काप एका थरात ३५० ते ४०० ग्रॅम मावतात, जास्त कोंबले तर हवा फिरत नाही, खालचे पांढरे राहतात. बारा माणसांसाठी दोन किलो पिठाची बट्टी म्हणजे आठेक घाणे, एका घाण्याला बारा मिनिटं. शेवटचा घाणा येईपर्यंत पहिल्या ताटातली वांग्याची भाजी गार होते. म्हणून मोठ्या पंगतीला कढईच. आम्ही मधला मार्ग काढला आहे. रोल आदल्या रात्रीच वाफवून, गार करून ठेवते. मामांसाठी आणि ज्यांना तेल चालत नाही त्यांच्यासाठी फ्रायरमध्ये दोन घाणे, बाकीच्यांसाठी कढईत. नवं यंत्र घेणाऱ्या मोठ्या कुटुंबाला मी खोली बघायला सांगत नाही, टोपलीच्या तळाची रुंदी बघायला सांगते. लिटर खोलीने वाढतात, पण बट्टी आणि वड्या एका थरातच लावायच्या असतात, त्यामुळे त्या वाढीव लिटरचा उपयोग होत नाही.

साफसफाईचं एक राहिलं. टोपलीला काळं आवरण असतं, ते तारेच्या घासणीने खरवडलं की निघतं आणि मग सगळं चिकटायला लागतं. कोमट पाण्यात साबण टाकून पंधरा मिनिटं भिजवायची आणि स्पंजने पुसायची. वरच्या कॉईलवर उडालेलं तेल महिन्यातून एकदा, यंत्र पूर्ण गार असताना आणि प्लग काढून, ओल्या फडक्याने पुसावं. ते साचलं की रिकामं तापवतानाच धूर येतो आणि पुढच्या बट्टीला जळका वास लागतो.